आमची वाटचाल : खुर्च्या बरोबर भरल्या, पण आमच्या नव्हत्या

मामंजींनी 1996 साली खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात चार पातेली, दोन कढया आणि पन्नास ताटं घेऊन भांडी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढं खुर्च्या आल्या, सतरंज्या आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा हिशेब एका वहीत होता आणि मोजणी मामंजींच्या तोंडात. माल देताना ते 'लाभ, दोन, तीन' असं मोजायचे. एक म्हणायचे नाहीत. मोजताना त्यांना कुणी हाक मारली की ते पुन्हा लाभपासून सुरू करायचे. ही सवय मी त्यांच्याकडूनच उचलली.

माल जाताना मोजणं सोपं असतं. गोडाऊन आपलं, उजेड असतो, घाई नसते. परत येताना मात्र काल्याचं जेवण उरकलेलं असतं, पोरं दमलेली असतात आणि टेम्पोवाला हॉर्न मारत असतो. आमचं नुकसान जे झालं ते बहुतेक या परतीच्या तासाभरात झालं.

एका गावच्या हरिनाम सप्ताहाला आम्ही 300 खुर्च्या, 40 सतरंज्या, 600 ताटं आणि 1200 वाट्या दिल्या होत्या. परत मोजल्या तर खुर्च्या बरोबर 300 भरल्या. मी समाधानानं पावतीवर 'खुर्च्या पूर्ण जमा' लिहून सही दिली. दोन दिवसांनी गोडाऊनमध्ये थप्प्या लावताना पोरगा म्हणाला, "काकी, हिच्या बुडाला आपला निळा पट्टा नाही." उलटून बघितल्या तर तशा चौदा निघाल्या. मंडपात देवळाच्या स्वतःच्या खुर्च्याही मांडल्या होत्या, त्या आमच्यात आल्या होत्या आणि आमच्या चौदा देवळाच्या खोलीत गेल्या होत्या. त्यांच्या खुर्च्या जुन्या, दोघींचे पाय चिरलेले. आकडा जुळला म्हणून मी बघितलंच नव्हतं. देवळातली माणसं चांगली, त्यांनी लगेच बदलून दिल्या. पण मध्ये दुसरा कार्यक्रम झाला असता तर आमच्या कुठं गेल्या असत्या, सांगता आलं नसतं.

तेव्हापासून खुर्च्या पालथ्या करून मोजतो. दहाची थप्पी, प्रत्येकीच्या बुडाचा पट्टा बघायचा, मग वहीत एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. बिनपट्ट्याची निघाली तर ती बाजूला, मोजणीत धरायचीच नाही. जाताना ज्या थप्पीनं मोजलं त्याच थप्पीनं येताना मोजायचं, आणि तेही त्यांच्या दारात, मंडळाच्या एकाच माणसासमोर. टेम्पो आपल्या गोडाऊनला आल्यावर कमी निघालं तर कुणी मान्य करत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

सतरंज्यांचं एवढंच, की घडीवरून मोजायच्या नाहीत. एका घडीत दोन गेलेल्या असतात. उलगडायची, झटकायची, भोक बघायचं.

वाट्या सगळ्यांत अवघड. ओल्या वाट्या एकमेकींत घट्ट बसतात आणि दोन वाट्या एकीसारख्या दिसतात. म्हणून आधी पालथ्या घालून निथळू देतो, मग पन्नासाची पोती करून काट्याला लावतो. आमची एक वाटी साधारण 60 ग्रॅमची, म्हणजे पन्नासाचे 3 किलो. पोतं 3 किलो 60 दाखवायला लागलं की आत एक जास्त अडकली आहे. पण हे एकाच खरेदीतल्या वाट्यांना चालतं. जुन्या-नव्या मिसळल्या की काटा फसवतो, म्हणून दोन खरेद्यांची पोती आम्ही वेगळी ठेवतो.

त्या सप्ताहात वाट्या भरल्या 1163, म्हणजे 37 कमी. ताटं 591, म्हणजे 9 कमी. खरकटं टाकायच्या खड्ड्यावर मी स्वतः पोरांना घेऊन गेले. पत्रावळ्या आणि भाताखाली 21 वाट्या मिळाल्या. वाढप्याची बादली उपडी करताना वाटी सहज आत जाते, म्हणून आता खड्ड्याजवळ एक माणूस बसवायला सांगते.

उरल्या 16 वाट्या आणि 9 ताटं. मंडळाचे आण्णा म्हणाले, "वहिनी, म्हाताऱ्या माणसांना घरी प्रसाद गेलाय, जरा थांबा." तिसऱ्या दिवशी नऊ ताटं आली, प्रत्येकात एक वाटी, घासून पुसून. एका ताटात लाडू होता. उरलेल्या 7 वाट्यांचे पैसे अनामतीतून कापून बाकी परत केली.

आता पावतीवर 'तूट' असा वेगळा रकाना छापून घेतला आहे, आणि तो तीन दिवस कोराच ठेवते.