३एसवरून ४एसवर जाताना: केव्ही, सेल आणि प्रॉपचा हिशोब

माझा क्वाडकॉप्टर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्टमध्ये सर्रास दिसणारा संच. ४५०ची फ्रेम, १००० केव्हीच्या चार ए२२१२ मोटारी, १०४५ म्हणजे १० इंच व्यास आणि ४.५ इंच पिचचे प्रॉप, मोटारींचा वेग सांभाळणारे ३० अँपिअरचे ईएससी आणि ३एस म्हणजे तीन सेलची ५२०० एमएएचची लायपो बॅटरी. नाशिकजवळच्या एका द्राक्षबागेचे वरून फोटो काढायचे म्हणून त्यावर कॅमेरा चढवला आणि वजन दीड किलोच्या पुढे गेलं. उड्डाण चौदा मिनिटांच्या आसपास अडकलं आणि दुपारचा वारा सुटला की थ्रॉटल बराच वर ठेवावा लागायचा. मग ४एसवर जायचं ठरवलं.

सोबत उडवणाऱ्या मित्राचं म्हणणं साधं होतं. "ईएससी तीस अँपिअरचे आहेत आणि ४एस चालतं असं त्यांच्यावर लिहिलंय. बॅटरी बदल आणि उडव." ईएससीबद्दल तो बरोबरच बोलत होता. पण ईएससीवरचा आकडा म्हणजे त्याला किती करंट झेपेल याची मर्यादा. प्रत्यक्षात किती करंट वाहणार हे मोटर आणि प्रॉप मिळून ठरवतात. आणि ए२२१२च्या माहितीपत्रकात दोन ते तीन सेल, आणि १२ अँपिअर फक्त साठ सेकंद, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणून बॅटरी विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

१००० केव्ही म्हणजे प्रॉप न लावता मोटरला एक व्होल्ट दिला की ती मिनिटाला साधारण १००० फेरे फिरते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. याच आकड्याची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी बघत नाही आणि करंटचा सगळा उलगडा तिथेच होतो. ९.५५ला केव्हीने भागलं की एका अँपिअरमागे मोटर किती न्यूटन-मीटर टॉर्क देते ते मिळतं. १००० केव्हीला हा आकडा ०.००९५ येतो. केव्ही जितकं जास्त, तितका एका अँपिअरमागचा टॉर्क कमी. प्रॉपला ठरावीक वेगाने फिरवायला ठरावीक टॉर्क लागतोच, तेव्हा तो टॉर्क पुरवण्यासाठी जितका करंट हवा तितका मोटर बॅटरीकडून ओढून घेते. करंट तिच्यात कुणी ढकलत नाही.

आता प्रॉप. त्याला लागणारी पॉवर फेऱ्यांच्या घनाच्या, व्यासाच्या चौथ्या घाताच्या आणि पिचच्या, म्हणजे पात्यांच्या तिरकेपणाच्या, प्रमाणात वाढते. हा ढोबळ नियम आहे, पण एकाच घाटाच्या प्रॉपची तुलना करायला पुरतो. पॉवर घनाने वाढते म्हणजे टॉर्क फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, आणि टॉर्क म्हणजेच करंट. तीन सेलचे चार सेल केले की व्होल्टेज चार-तृतीयांश पट होतं, फेरे जवळपास तितकेच वाढतात आणि करंट त्याच्या वर्गाने, म्हणजे १.७८ पट. बॅटरी बदलताना माणसाच्या मनात "तेहतीस टक्के जास्त" असं असतं. मोटरला सोसावे लागतात अठ्ठ्याहत्तर टक्के.

कागदावर हे पटलं, पण आकडे स्वतः मोजून बघायचे होते. मित्राच्या वर्कशॉपमध्ये लाकडी पट्ट्यांची एल आकाराची तरफ केली. उभ्या भुजेच्या टोकाला मोटर आडवी बसवली, मधे खिळ्याची बिजागरी आणि आडव्या भुजेचं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या ठेवल्या, म्हणजे काट्यावर दिसेल तोच थ्रस्ट. अशा रचनेत प्रॉपची हवा काट्यावर येत नाही, त्यामुळे आकडा डळमळत नाही. बॅटरी आणि ईएससीच्या मधे वॉटमीटर जोडला, थ्रॉटलला सर्व्हो टेस्टर. प्रॉपच्या पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं. बॅटरी प्रत्येक वेळी पूर्ण चार्ज केलेली. हे महत्त्वाचं आहे, कारण सेल ४.२ व्होल्टवर असताना ओढला जाणारा करंट ३.७ व्होल्टच्या मानाने सव्वापटीहून जास्त असतो आणि मोटरवरचा सगळ्यात वाईट ताण तेव्हाच येतो.

३एसवर १०४५ प्रॉप लावून फुल थ्रॉटल दिला. बॅटरी लोडखाली १२ व्होल्टवर आली, करंट १२ अँपिअरच्या आसपास, थ्रस्ट ८०० ग्रॅमच्या जवळ. म्हणजे हा नेहमीचा संच ३एसवरच मोटरच्या मर्यादेला टेकलेला असतो. मला या मोजणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटली, कारण पुढे सरकायला जागाच नाही हे तिथेच कळलं.

मग उसनी आणलेली ४एस बॅटरी जोडली, प्रॉप तोच. नियमाप्रमाणे १२ गुणिले १.७८ म्हणजे २१ अँपिअर यायला हवे होते. मीटरने १८ दाखवले. हा फरक अपेक्षितच होता: करंट वाढला की वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्ये जास्त व्होल्टेज खर्ची पडतं आणि फेरे चार-तृतीयांश पटीपर्यंत पोचतच नाहीत. ते खर्ची पडलेलं व्होल्टेज कुठे जातं? उष्णतेत. दहाएक सेकंदांत थ्रॉटल खाली घेतला, तरी मोटरच्या तारांवर बोट टेकवत नव्हतं आणि वार्निशचा वास यायला लागला होता. ईएससी मात्र जेमतेम कोमट. मित्राने स्वतः दोन्हींना हात लावून बघितला आणि त्याला काही सांगायची गरज उरली नाही.

अशी मोटर लगेच जळत नाही, म्हणून माणूस फसतो. साध्या निओडिमियम चुंबकांचं तापमान ८० अंशांच्या पुढे गेलं की त्यांची ताकद कायमची घटायला लागते. चुंबक मऊ पडले की मोटरचं केव्ही वाढतं, एका अँपिअरमागचा टॉर्क कमी होतो आणि तीच मोटर आणखी करंट ओढून आणखी तापते. हे ओळखायचं असेल तर प्रॉप काढून चारही मोटारी सारख्याच थ्रॉटलवर फिरवायच्या आणि रिकामा करंट मोजायचा. नव्या ए२२१२ला दहा व्होल्टवर तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो. एखादी मोटर इतरांपेक्षा ठळकपणे जास्त घेत असेल, किंवा तिच्या तारांवरचं इनॅमल काळवंडलं असेल, तर ती बदलून टाकावी.

आता वाटा दोन होत्या: मोटारी त्याच ठेवून प्रॉप लहान करायचा, किंवा प्रॉप तोच ठेवून केव्ही कमी करायचं.

पहिली वाट स्वस्त. ९ इंची प्रॉपला ०.९चा चौथा घात म्हणजे ०.६६, गुणिले १.७८, १२ अँपिअरचे १४ होतात, मर्यादेबाहेर. ८०४५ला ०.८चा चौथा घात ०.४१, गुणिले १.७८, सुमारे ८.७ अँपिअर. काट्यावर लावून पाहिला तेव्हा ९ अँपिअर आले आणि थ्रस्ट १० इंचीच्या किंचित खाली. मोटर थंड, सगळं सुरक्षित. पण मला बागेवर तरंगत राहायचं होतं, आणि तिथे लहान प्रॉप मार खातो. तेवढंच वजन तोलून धरायला लागणारी पॉवर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे १० ऐवजी ८ इंची लावला की होव्हरलाच पंचवीस टक्के जास्त पॉवर जाते. चौथ्या सेलने आणलेली एक-तृतीयांश जादा ऊर्जा बहुतेक तिथेच संपली असती, शिवाय बॅटरीचं वजन वाढलं ते वेगळंच. झपझप उडणाऱ्याला ८ इंची ठीक आहे. फोटो काढणाऱ्याला नाही.

दुसरी वाट म्हणजे केव्ही आणि व्होल्टेजचा गुणाकार सांभाळणं. ३एसवर १००० गुणिले ११.१ म्हणजे ११,१००. ४एसवर १४.८ व्होल्टला तोच आकडा हवा असेल तर केव्ही बरोबर ७५० लागतं. फेरे तेच, प्रॉप तोच, पॉवर तीच, आणि करंट १२ वरून ९. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे की कमी केव्हीची मोटर मुळातच कमी तापते. तसं नसतं. त्याच आकाराच्या मोटरमध्ये केव्ही कमी करायला वेढे वाढवावे लागतात आणि तार बारीक घ्यावी लागते, त्यामुळे रेझिस्टन्स १.७८ पट होतो. करंट तीन-चतुर्थांश झाला तरी त्याचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स तेवढाच राहतो. मोटरमधली उष्णता जैसे थे; फायदा होतो तो ईएससी, वायर, कनेक्टर आणि बॅटरीत. मोटर खरोखर थंड ठेवायची तर तिच्यात तांबं आणि लोखंड जास्त हवं.

म्हणून मी ८०० केव्हीच्या २२१६ मोटारी घेतल्या. नावातले आकडे स्टेटरचे: २२ मिलिमीटर व्यास, १६ मिलिमीटर उंची. आधीच्या मोटरपेक्षा उंची एक-तृतीयांशाने जास्त, वजनही थोडं जास्त. केव्ही ७५०पेक्षा चढं असल्यामुळे वाऱ्यासाठी थोडा हात राखून राहिला. हिशोबाने ४एसवर १०४५ला फुल थ्रॉटलला ११ अँपिअरच्या जरा खाली यायला हवे होते, मीटरवर ११ दिसले. या मोटरला ते आरामात पेलतात. चार मोटारींचे मिळून ४४, ५.२ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर हे साडेआठ सीच्या, म्हणजे क्षमतेच्या साडेआठ पट करंटच्या, आसपास, म्हणजे २५सीच्या साध्या लायपोलाही जड नाही, आणि एक्सटी६० कनेक्टरही बिनघोर.

क्वाड आता १.७ किलोचा आहे. होव्हरला पूर्वी एकूण १८ अँपिअर जायचे, आता १५ जातात. बॅटरी वीस टक्के शिल्लक ठेवून उतरलो तरी सोळा मिनिटांच्या पुढे मिळतात. बागेवरून उतरल्यावर मोटारींना हात लावून बघतो. मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा बोट सहज टेकवून ठेवता येतं.

मित्राचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: "मग ११ इंची लाव की." फ्रेमवर तो बसतो. शेजारच्या दोन मोटारींमधलं अंतर ३१८ मिलिमीटर आणि ११ इंच म्हणजे २७९. होव्हरची पॉवरही थोडी उतरेल. पण १.१चा चौथा घात १.४६, म्हणजे फुल थ्रॉटलला ११चे १६ अँपिअर. आधी मोटर पुन्हा तरफेवर चढवून पूर्ण चार्ज बॅटरीवर मिनिटभर चालवून बघू, असं मी त्याला सांगितलंय.