पुण्याच्या साइटवरचा अनुभव टोरोंटोत मांडताना

पुण्यात मी हाय-राइज रहिवासी इमारतींवर साइट इंजिनियर होतो. टोरोंटोला आलो तेव्हा माझ्या रेझ्युमेच्या सुरुवातीला जो परिचय होता, तो पुण्यात नेहमी चालायचा तसाच होता: नामांकित बिल्डरकडे सीनियर साइट इंजिनियर, जी प्लस 14 चे दोन टॉवर, प्रकल्प 60 कोटींचा, साइट सुपरव्हिजन, क्वालिटी कंट्रोल आणि बिलिंगची जबाबदारी. पुण्यात बिल्डरचं नाव वाचलं की काम कोणत्या दर्जाचं असणार हे समोरच्याला कळतं, आणि सीनियर साइट इंजिनियर सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय निस्तरतो तेही त्याला माहीत असतं. इथे यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. उत्तरं येत नव्हती, आली तर साच्यातला नकार.

ओळखीतले एक नाशिकचे दादा इथल्या एका कंत्राटदाराकडे एस्टिमेटर आहेत. त्यांना परिचय दाखवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ‘‘जी प्लस 14 म्हणजे किती मजली रे? इथल्या माणसाला विचारून बघ.’’ इथे तळमजला हाच पहिला मजला धरतात, त्यामुळे आपली जी प्लस 14 इमारत इथे 15 मजली ठरते. क्षेत्रफळ मी 2,50,000 चौरस फूट असं आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं. इथे तो आकडा 250,000 असा लिहितात, आणि माझं लिहिणं पाहणाऱ्याला टायपिंगची चूक वाटतं. ही दुरुस्ती मिनिटाभरात झाली.

पैशांचं मात्र एवढं सोपं नव्हतं. 60 कोटींचे डॉलर करून टाकावेत असं मला वाटत होतं. डॉलर साठेक रुपयांना धरला तर एक कोटी डॉलर होतात, आकडा भारदस्त दिसतो. दादा म्हणाले, ‘‘एक कोटी डॉलर वाचल्यावर इथला मॅनेजर काय समजेल माहितेय? तीन-चार मजली, छोटं काहीतरी बांधलंय.’’ त्यांचं बरोबर होतं. मजुरी आणि साहित्याचे दर इतके वेगळे आहेत की एवढ्याच क्षेत्रफळाच्या दोन इमारतींना इथे त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. रुपयांचे डॉलर केले की काम आपोआप लहान दिसतं. म्हणून रक्कम काढून टाकली आणि दोन्ही देशांत सारखीच मोजली जाणारी मापं घातली: दोन 15 मजली रहिवासी इमारती, 250,000 चौरस फूट, सुमारे 8,000 घनमीटर काँक्रीट, स्लॅब सायकल 14 दिवसांवरून 10 दिवसांवर. सायकल म्हणजे एका मजल्याच्या स्लॅबपासून पुढच्या मजल्याच्या स्लॅबपर्यंतचे दिवस. टॉवरचं काम करणारा कुठलाही मॅनेजर हा आकडा आधी बघतो, आणि त्याला देशाची अडचण येत नाही.

काँक्रीटच्या ग्रेडपाशी जास्त सावध राहावं लागलं. एम 30 लिहिलं तर ते 30 मेगापास्कल आहे हे कळतं, पण आपल्याकडे ती ताकद 150 मिलिमीटरच्या क्यूबवर मोजतात आणि कॅनडात सिलिंडरवर. त्याच काँक्रीटचा सिलिंडरवरचा आकडा कमी येतो, ढोबळमानाने क्यूबच्या 80 टक्के. म्हणजे आपलं एम 30 इथल्या मोजणीत 24-25 च्या आसपास. मी ‘30 मेगापास्कल, क्यूबवर’ असं लिहिलं. जाणकार माणूस तेवढा एक शब्द वाचून ओळखतो की लिहिणाऱ्याला फरक माहीत आहे. मोघम 30 लिहिलं असतं, तर मुलाखतीत तिथेच अडकलो असतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जबाबदारीच्या वाक्यावर. ‘क्वालिटी कंट्रोल पाहिलं’ असं म्हटलं की इथे प्रश्न पडतो, म्हणजे नेमकं काय? काँक्रीटची चाचणी इथे सहसा बाहेरची लॅब करते आणि स्लॅबआधीचं सळई तपासणीचं काम स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या फर्मचा माणूस येऊन करतो. ही दोन्ही कामं आपल्या साइटवर बऱ्याचदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. दादांनी विचारलं, ‘‘तू सही केली नाहीस तर कुठलं काम अडायचं?’’ उत्तर होतं पोअर कार्ड. शटरिंगची लेव्हल, सळईचं अंतर आणि कव्हर, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचे स्लीव्ह हे सगळं तपासून मी सही केल्याशिवाय आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी बोलावली जात नसे. मग वाक्य झालं: प्रत्येक स्लॅबआधी शटरिंग, सळई आणि स्लीव्ह तपासून काँक्रीट ओतायची परवानगी द्यायचो. बिलिंगचंही तसंच. आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याने निघणारं बिल, हा शब्द इथे कुणी वापरत नाही. ‘सब-कॉन्ट्रॅक्टरची मोजमापं तपासून मासिक बिलं मंजूर केली, रिटेन्शनसह’ असं लिहिलं. ऑन्टारियोत कायद्यानेच बिलातून 10 टक्के रक्कम होल्डबॅक म्हणून राखून ठेवावी लागते, त्यामुळे रिटेन्शनचा उल्लेख हिशेब सांभाळणाऱ्याच्या नजरेत भरतो.

पदाच्या नावाचा वेगळाच पेच होता. ऑन्टारियोत परवाना नसताना स्वतःला इंजिनियर म्हणवून घेता येत नाही, तसा कायदा आहे. म्हणून परिचयात ‘सिव्हिल इंजिनियरिंगचा पदवीधर, हाय-राइज काँक्रीट बांधकामाचा अनुभव’ असं ठेवलं. साइट इंजिनियर हे जुनं पद फक्त खाली नोकऱ्यांच्या यादीत, ‘पुणे, भारत’ या नोंदीसह. परवाना देणाऱ्या पीईओने कॅनडातल्या अनुभवाची अट मे 2023 मध्ये काढली. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतही ती अट घालता येत नाही. पण जाहिरातीतून अट गेली म्हणून रेझ्युमे चाळणाऱ्याच्या डोक्यातली शंका जात नाही. तिच्यासाठी मी शेवटी एकच ओळ टाकली: उंचीवर काम करण्याचं ऑन्टारियोचं प्रशिक्षण पूर्ण. ते एका दिवसात होतं आणि बांधकामाच्या साइटवर त्याशिवाय उंचीवरच्या कामाला हात लावू देत नाहीत. ही ओळ वाचून ‘हा माणूस सोमवारी साइटवर उभा राहू शकतो’ एवढं तरी समजतं.

फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित हे सगळं उडवलं. इथे कुणी विचारत नाही, आणि दिसलं की उलट अवघडतात.

नव्या परिचयावर मुलाखती येऊ लागल्या. पुढे प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरची नोकरी मिळाली, ती पुण्यातल्या माझ्या पदाच्या एक पायरी खाली. त्याचं कारणही मुलाखतीतच कळलं. तपमान 5 अंशांखाली जातं तेव्हा काँक्रीट ओतायचं तर काय करता, असं त्यांनी विचारलं. गरम पाणी, ब्लँकेट, हीटर लावलेला तंबू हे मी वाचून सांगितलं, पण हे कधी हातून केलंय का, या प्रश्नाला सरळ नाही म्हणावं लागलं. पुण्यातला अनुभव कितीही नीट मांडला तरी कॅनडातला हिवाळा त्यातून दाखवता येणार नव्हता.

शेवटी अडचण आली ती रेफरन्सची. जुन्या कंपनीच्या एचआरच्या पत्रात फक्त पद आणि तारखा होत्या. मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांना फोन केला आणि परिचयातले तेच आकडे, पोअर कार्डाच्या सहीसकट, त्यांच्या ईमेलमधून इकडे पाठवायला सांगितलं. इथल्या मॅनेजरने त्यांना फोनही केला, इथे सकाळी दहा वाजता, तिकडे संध्याकाळी साडेसातला. साहेब तेव्हा साइटवरच होते.