आईचा खोकला, जर्मन ॲप आणि ५९ युरो ८६ सेंट

मे २०२५ मध्ये आईला घेऊन दादाकडे श्टुटगार्टला गेले होते. फुलांची झाडं, ट्रॅम, वहिनीने केलेली पुरणपोळी हे सगळं झालंच, पण त्याबद्दल इथे लिहीत नाही. परत येऊन महिना होत आला तरी माझी रोजची संध्याकाळ ज्यात जात होती ते म्हणजे विमा कंपनीचं ॲप. दादाने पाहुण्यांसाठीचा विमा तिथल्याच एका कंपनीकडून काढला होता. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, तेवढं त्यात होतं. भारतातून काढला असता तर निदान ॲप इंग्रजीत असतं. हे फक्त जर्मनमध्ये होतं.

१४ मे, बुधवार. आईला सकाळपासून खोकला, दुपारी ताप. बुधवारी दुपारी तिकडचे बरेचसे डॉक्टर दवाखाना बंद ठेवतात हे तेव्हा कळलं. दादाने ११६११७ या, दवाखाने बंद असताना चालणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या नंबरावर फोन केला. त्यांनी काही प्रश्न विचारले आणि सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही असं सांगितलं. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, छातीचा संसर्ग म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. आई प्रामाणिक. "मला डायबेटिस आहे हो," असं तिने स्वतःहून सांगितलं, म्हणून त्यांनी साखरही तपासली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथे पैसे मागितलेच नाहीत. बिल पोस्टाने येतं. आम्ही २५ मेला मुंबईत उतरलो आणि बिल दादाच्या पेटीत पडलं ११ जूनला. ६८ युरो ४० सेंट, दोन पानं. औषधांचे २१ युरो १५ सेंट मात्र तेव्हाच रोख दिले होते. एकूण ८९ युरो ५५ सेंट. "जाऊ दे गं एवढ्याशा पैशांसाठी," असं आई म्हणाली. पण दादाने हप्ता भरलेला, मग का सोडायचं?

पहिली अडचण म्हणजे ॲप माझ्या फोनवर येतच नव्हतं, कारण भारतातल्या प्ले स्टोअरवर ते दिसत नाही. कंपनीची वेबसाइट फोनच्या ब्राउझरमध्ये उघडली की तेच पडदे येतात, म्हणून मी तिथून काम केलं. दुसरी अडचण लॉगिनची. ओटीपी दादाच्या जर्मन नंबरावर जायचा आणि दोन-तीन मिनिटांत मरायचा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. दादा पाचला ऑफिसमधून सुटला की इकडे साडेआठ. रोज रात्री साडेआठला मी दादरच्या घरात लॅच लावून बसायचे, तो आकडे वाचून दाखवायचा. तुमच्या घरी विमा निघत असेल तर अर्ज भरतानाच ओटीपी ईमेलवर यावा असा पर्याय आहे का ते पाहून घ्या. मागाहून तो बदलायलाही आधी एसएमएसचा ओटीपी लागतो.

आता फोटो. `Schaden melden` म्हणजे दावा नोंदवा. तिथे तारीख, आजार, रक्कम भरली की `Belege hochladen` येतं, म्हणजे पावत्या चढवा. माझी पहिली चूक रक्कम भरताना झाली. मी टाइप केलं 68.40. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो आणि टिंब हजारांसाठी, त्यामुळे ॲपने टिंब गिळून पडद्यावर 6.840,00 दाखवलं. पुढच्या पानावर एकूण रक्कम दिसते, तिथे लक्ष गेलं म्हणून बरं, नाहीतर खोकल्यासाठी जवळजवळ सात हजार युरो मागणारी आई म्हणून तिचं नाव झालं असतं. तुम्ही 68,40 असंच टाइप करा.

बिलाचे फोटो दादाने व्हॉट्सॲपवर पाठवले. उघडल्यावर छान दिसत होते, पण मोठे करून पाहिले तर तपासण्यांचे आकडे पुसट. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तिथल्या खासगी बिलात प्रत्येक तपासणीचा क्रमांक, किंमत आणि तिचा गुणक असा तक्ता असतो. उदाहरणार्थ साध्या सल्ल्याचा क्रमांक १, गुणक २.३, रक्कम १०.७२ युरो. कंपनी हा तक्ता ओळीओळीने तपासते, त्यामुळे एक आकडा वाचता आला नाही तरी प्रश्न येतो. दादाला म्हटलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग मूळ आकारात आले. तो आयफोनवाला, त्यामुळे फाइल एचईआयसी प्रकारची आली आणि ॲपने ती घेतलीच नाही. त्याला फक्त जेपीजी, पीएनजी किंवा पीडीएफ चालतं. शेवटी दादाने कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन `Most Compatible` निवडलं आणि पुन्हा फोटो काढले.

औषधाच्या चिठ्ठीची गंमत वेगळी. खासगी रुग्णाला निळ्या कागदावर चिठ्ठी मिळते, औषधवाला त्यावरच किंमत आणि तारीख छापून, शिक्का मारून परत देतो. कॅश रजिस्टरची पावती नुसती चालत नाही, ही छापलेली चिठ्ठीच लागते. ती मी सामानात घडी करून आणली होती. घरच्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर माझ्या हाताची सावली बरोबर शिक्क्यावर. सकाळी गॅलरीत, ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर ठेवून काढला. गडद पार्श्वभूमीवर कागदाच्या चारही कडा दिसतात, आणि कडा दिसल्या की समोरच्याला कळतं की काही कापलेलं नाही. पासपोर्टचं जर्मनीत शिरल्याचा शिक्का असलेलं पान लागलं, कारण विमा कधीपासून लागू झाला ते त्यावरून ठरवतात. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपात शिक्क्याऐवजी हळूहळू संगणकावर नोंद सुरू झाली आहे, तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी बोर्डिंग पास फेकू नका.

प्रत्येक फोटोपाशी हिरवी टिकली येते. तिचा अर्थ फाइल पोचली, एवढाच. आत काय आहे ते अजून कोणी बघितलेलं नसतं. माझ्या बिलाचं दुसरं पान, ज्यावर निदान लिहिलेलं होतं, ते मी चुकून दोनदा चढवलं होतं आणि पहिलं पान नव्हतंच. दोन्हींना हिरवी टिकली. म्हणून शेवटी प्रत्येक लघुचित्रावर बोट ठेवून ते उघडून पाहायची सवय लावा.

१४ जूनला सगळं चढवलं आणि निवांत झोपले. तीन दिवसांनी बघते तर दाव्यासमोर `Entwurf`. म्हणजे मसुदा. पडदा आणखी खाली सरकवला तर `Absenden`, पाठवा, हे बटण शेवटच्या अटींच्या खाली दडलेलं. ते दाबल्यावरच `Eingereicht` झालं, दाखल. त्याबरोबर `Schadennummer` मिळतो, दाव्याचा क्रमांक. तो मिळाला नसेल तर समजा की कंपनीला अजून तुमची काही खबर नाही.

दोन दिवसांत `In Bearbeitung`, म्हणजे काम चालू. या पायरीवर मी रोज डोकावत होते आणि तसा काही उपयोग नव्हता, आठवडाभर काहीही हललं नाही. मग २६ जूनला `Rückfrage`. हा शब्द पाहिला की त्याच दिवशी कामाला लागा, कारण चेंडू तुमच्या अंगणात आलेला असतो आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत दावा थांबतो. स्थितीच्या ओळीत मात्र कारण लिहिलेलं नसतं. ते ॲपमधल्या `Postfach` या टपालपेटीत पीडीएफ पत्र म्हणून येतं आणि तिथे कोणी पाहायला सांगत नाही. पत्रात विचारलं होतं, आईला मधुमेह कधीपासून, आणि सोबत एका कागदावर सही करून हवी होती: डॉक्टरांनी तिची माहिती कंपनीला द्यायला तिची हरकत नाही, अशी. मुदत २४ जुलै.

बिलातली साखरेची तपासणीच कारण. आधीपासून असलेला आजार या विम्यात बसत नाही, त्यामुळे तो धागा दिसला की ते विचारतात. दादरच्या आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी इंग्रजीत लिहून दिल्या: मधुमेह २०११पासून, सध्याच्या गोळ्या, आणि या खोकल्याचा त्याच्याशी संबंध नाही. आईने सही देवनागरीत केली. "त्यांना वाचता येईल का?" तिला काळजी. सही वाचायची नसते, पासपोर्टवरच्या सहीशी जुळायची असते, आणि पासपोर्टवर तिने देवनागरीतच केली आहे.

आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. उत्तर पाठवायला पुन्हा `Schaden melden` दाबलं. नवा क्रमांक मिळाला, मला वाटलं झालं. प्रत्यक्षात मी त्याच खोकल्याचा दुसरा दावा टाकला होता आणि पहिला तसाच `Rückfrage`वर अडकलेला. दादाने फोन करून दुसरा रद्द करायला लावला. जुन्या दाव्याच्या आत `Unterlagen nachreichen` असं बटण असतं, मागाहून कागद जोडण्यासाठी. तेच वापरायचं.

खात्याच्या रकान्यात आयबॅन मागतात. भारतीय खात्याला आयबॅन नसतो. परदेशी खात्याचा पर्याय दिलेला होता, पण इतक्या लहान रकमेवर परदेशी व्यवहाराचं शुल्क बसलं असतं तर हातात फारसं उरलं नसतं. दादाचा आयबॅन टाकला, DE आणि त्यापुढे २० आकडे. पैसे दादाच्या खात्यात द्यावेत, असं आईच्या सहीचं पत्र जोडलं. नाहीतरी बिल त्यानेच भरलं होतं.

९ जुलैला `Abgeschlossen`. शब्दकोशात याचा पहिला अर्थ 'कुलूपबंद' निघाला आणि आई हबकली. "फेटाळलं वाटतं." वहिनीने सांगितलं, कामकाज पूर्ण झालं असाच अर्थ घ्यायचा. पण मंजूर की नामंजूर, हे या शब्दात नसतं, दोन्हीत तोच लागतो. उत्तर पुन्हा `Postfach`मध्येच. हिशेब असा: ८९.५५मधून साखरेच्या तपासणीचे ४.६९ वजा, उरले ८४.८६. त्यातून आपण सोसायचे २५ वजा. हाती ५९.८६. दोन दिवसांनी, ११ जुलैला, दादाच्या खात्यात जमा.

बाहेर पाऊस कोसळत होता, लोकल बंद. आईने दादाला फोन केला, हिशेब पुन्हा एकदा त्याच्याकडून ऐकला, आणि म्हणाली, "ते ४ युरो ६९ सेंटही मागता येतात का रे?"