मामांचा "पूल बंद" मेसेज आणि त्याचा ट्रिप अपडेट करताना मी काय शिकले

माझ्या मामांची स्वतःची एकच दहाचाकी गाडी आहे आणि ते स्वतःच चालवतात. हिंगणघाटच्या जिनिंगमधून रुईगाठी भरायच्या आणि तेलंगणात न्यायच्या, असं बहुतेक वेळा असतं. लोड देणारं ऑफिस नागपूरला, तिथे एक कोऑर्डिनेटर ताई आहेत ज्या एका वेळी वीस-पंचवीस गाड्या बघतात, आणि त्यांना दर गाडीचं स्टेटस व्हॉट्सअपवर लेखी लागतं. मामा सातवी शिकलेले, मोठ्या बोटांनी छोट्या फोनवर टाईप करतात तेही गाडी थांबली तरच, म्हणून ते मला पाठवतात आणि मी पांढरकवड्याजवळच्या आमच्या खेड्यात बसून ते नीट लिहून ताईंना पाठवते. दोन वर्षं झाली हे काम करून राहिले, पण ते खरं कसं करायचं हे मला एका पावसाळ्यातल्या ट्रिपने शिकवलं.

त्याच्या आधी एकदा मी चूक केली होती ती आधी सांगते. वडकीजवळ एक ट्रेलर आडवा झाला, मामांनी लिहिलं "जाम. २ घंटे". मी लिहून टाकलं की गाडी २ तासात निघेल आणि सकाळी ६ ला पोचेल. ताईंनी पार्टीला ६ ची वेळ दिली, पार्टीने हमाल बोलावले, आणि गाडी पोचली दुपारी १ ला. हमाल निम्मा दिवस बसून राहिले, त्यांची मजुरी कोणी द्यायची यावर भांडण झालं. नंतर मामांना विचारलं तर ते म्हणाले, "अवं २ घंटे झाले उभं राहून असं म्हणत होतो मी, २ घंट्यात निघते असं कुठं म्हटलं?" मला रात्रभर झोप नाही आली. दोन शब्द होते आणि त्यातला उलटा अर्थ मी घेतला, वरून ६ चा आकडा तर माझ्याच डोक्यातून आला होता, मामांच्या मेसेजमध्ये तो नव्हताच.

आता ती ट्रिप. सोमवारी दुपारी ४ ला ई-वे बिलात गाडी नंबर टाकला, १०० गाठी, कामारेड्डीकडचं एक गोदाम, अंतर ३१० किलोमीटरच्या आसपास. साडेसहाला गाडी निघाली. फास्टॅगला माझा नंबर जोडलेला असल्यामुळे पैसे कटल्याचा मेसेज माझ्याकडे येतो, त्यामुळे दारोडा टोल ७ वाजून ५ मिनिटांनी आणि केळापूर टोल ९ वाजून १० मिनिटांनी पार झाला हे मला मामांना न विचारता कळलं. ही गोष्ट माझ्या फार कामाची आहे, कारण गाडी त्या वेळेला नक्की तिथे होती एवढं मला कोणाच्या आठवणीवर न जाता सांगता येतं.

१० वाजून ४० ला मामांचा मेसेज आला: "पाटणबोरी लाईन. पूल बंद. पाणी. पोलीस सोडून नाही राहिले. सकाळी."

पहिल्या चुकीमुळे या वेळी मी लगेच लिहिलं नाही, आधी फोन केला. गाडी उभी होती आणि मामा कॅबिनमध्ये बसले होते म्हणून केला, गाडी चालू असती तर केला नसता. तीनच गोष्टी विचारल्या. कोणता पूल? पैनगंगेचा, म्हणजे महाराष्ट्र-तेलंगणा हद्दीवरचा. तुम्ही पाणी पाहिलं का? नाही, गाडी पुलापासून लांब आहे, पाटणबोरीच्या पुढे लाईनमध्ये आहे, पुढच्या गाडीवाल्याने सांगितलं. आणि सकाळी कोण म्हणालं? "एक पोलीसवाला म्हणत होता सकाळी बघू." बघू म्हणजे सुटेल असं नाही. हे तीन प्रश्न विचारले नसते तर मी "पुलावर पाणी असल्याने गाडी अडकली, सकाळी निघेल" असं लिहिलं असतं आणि त्यातलं एकही वाक्य पक्कं नसतं.

मी हे पाठवलं:

"सोमवार रात्री १०.५०. गाडी पाटणबोरीच्या पुढे हायवेवर लाईनमध्ये उभी आहे. केळापूर टोल रात्री ९.१० ला पार. पोलिसांनी पैनगंगा पुलाकडे जाणाऱ्या गाड्या थांबवल्या आहेत. पुलाजवळ पाणी वाढल्याचं पुढच्या गाड्यांकडून कळलं, चालकाने स्वतः पाहिलेलं नाही. कधी सोडणार हे पोलिसांनी नक्की सांगितलेलं नाही. गाडी चांगली आहे, ताडपत्री बांधलेली आहे, माल कोरडा. मंगळवार सकाळची पोच होणार नाही. पुढचा अपडेट सकाळी ७ ला, काही बदललं तर आधी."

ताईंचं उत्तर आलं, "बरं झालं, पार्टीला सांगते, हमाल नका बोलवू म्हणून." म्हणजे त्यांना सर्वात आधी काय लागलं, तर सकाळी येत नाही हे वाक्य. पोचायची नवी वेळ माझ्याकडे नव्हती पण जुनी वेळ आता धरू नका हे तर मला पक्कं माहीत होतं, आणि पूर्वी माझ्याकडून नेमकं हेच लिहायचं राहून जायचं कारण वाटायचं नवी वेळ असल्याशिवाय काय सांगायचं. "गाडी चांगली आहे" हे वाक्यही मी मुद्दाम टाकते. आपल्याकडे "गाडी उभी आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याला बिघाड वाटतो, मग ऑफिसवाले दुसरी गाडी शोधायला लागतात.

मंगळवारी सकाळी ७ ला मामांचं काही आलं नाही. रेंज नव्हती तिकडे. मी ताईंना तेवढंच कळवलं की ७ पर्यंत मेसेज नाही, शेवटची माहिती रात्री १०.५० ची, पुढच्या टोलचा मेसेज नाही म्हणजे बहुतेक गाडी अजून लाईनमध्येच आहे. "बहुतेक" हा शब्द ठेवला, कारण हा माझा अंदाज होता. ८ वाजून २० ला एकदम दोन मेसेज पडले: "अजून तसंच" आणि "१ किमी सरकलो". कोणता आधीचा हे कळेना. नंतर समजलं की पहिला पहाटे ५ चा होता आणि दुसरा साडेसातचा, रेंज आल्यावर दोन्ही एकत्र आले. तेव्हापासून मी मामांना एकच गोष्ट शिकवली, मेसेजच्या सुरुवातीला घड्याळातली वेळ टाका, बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल. ते आता "७.३० १ किमी सरकलो" असं टाकतात आणि माझं अर्धं काम तिथेच होतं.

तेवढ्यात ताईंनी विचारलं की वणी-कोरपन्याकडून फिरून आदिलाबादला नाही का जाता येणार. मी मामांना विचारलं, ते म्हणाले तिकडूनही पैनगंगा ओलांडाच लागते, पाणी तिथंही तेच, आणि मागे तीस-चाळीस गाड्या असताना वळवणार कशी. हे मी जसंच्या तसं कारणासकट लिहिलं. नुसतं "शक्य नाही" लिहिलं असतं तर ड्रायव्हर टाळून राहिला असं वाटलं असतं.

दुसरा प्रश्न ई-वे बिलाचा होता. २०० किलोमीटरमागे १ दिवसाची मुदत मिळते, आपलं अंतर ३१० म्हणून २ दिवस, आणि पहिला दिवस मोजतात तो दुसऱ्या तारखेच्या रात्री १२ पर्यंत. म्हणजे सोमवारी बनवलेलं बिल बुधवार रात्री १२ पर्यंत चालणार. मुदत वाढवायची तर संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढीच खिडकी, म्हणजे बुधवार दुपारी ४ ते गुरुवार सकाळी ८. मी अपडेटच्या शेवटी एक ओळ टाकली: "ई-वे बिल बुधवार रात्री १२ पर्यंत. बुधवार दुपारी ४ पर्यंत गाडी खाली झाली नाही तर मुदत वाढवायला लागेल, मी तेव्हा कळवते." ही ओळ मामांच्या कोणत्याच मेसेजमध्ये नव्हती, पण उशिराचा अर्थ ताईंसाठी काय होतो तो ह्यात होता.

दुपारी आलं: "१.१५ सुटली लाईन. हळू." पूर्वीची मी असते तर लगेच पोचायची वेळ लिहिली असती. या वेळी वहीत मांडलं. लाईनमधून पूल पार व्हायला २-३ तास. पुलापासून कामारेड्डी २१५ किलोमीटर धरले, भरलेल्या गाडीला ५ ते साडेपाच तास. आणि मामा रात्रभर जागे, लाईन सरकली की गाडी सरकवायची म्हणून झोप नाही, तर ५-६ तास झोपले पाहिजेत. एकूण १२ ते साडेचौदा तास, थोडी सूट ठेवून १५ धरले. लिहिलं: "दुपारी १.१५ ला वाहतूक सुरू, गाडी हळू सरकते आहे. चालक काल रात्रीपासून जागा आहे, आदिलाबादनंतर ५-६ तास झोप घेणार. विश्रांती धरून गोदामावर बुधवारी पहाटे १ ते ४.३० च्या दरम्यान. पूल पार झाला की वेळ पक्की करते."

ताईंचा फोन आला, सरळ निघाले तर रात्री १० पर्यंत नाही का पोचणार. मी म्हटलं ताई, पोचून काय, गोदाम रात्री बंद असतं, आणि कालपासून जागा माणूस रात्री हायवेवर नको. त्या लगेच बरं म्हणाल्या. विश्रांतीचे तास मी वेगळे न दाखवता नुसती पहाटेची वेळ लिहिली असती तर हे बोलणं झालंच नसतं, मामांना रस्त्यात तीनदा फोन गेले असते.

"३.४० पूल झाला." "५.१५ झोपतो." मग ११.१५ नंतर मामांचा मेसेज यायची मला गरज नव्हती, रोलमामडा टोलचा मेसेज आला तसं कळलं की निघाले. ४.१० ला "पोचलो".

या "पोचलो"वर मी आता सर्वात जास्त थांबते. गेटवर पोचलो, आत नंबर लागला, की खाली करायला लागली? गोदामावर गाडी अडकून राहिली तर हॉल्टिंगचे पैसे रिपोर्टिंगच्या वेळेपासून धरतात, आणि मागे एका ठिकाणी आमची गाडी पहाटेपासून गेटबाहेर होती पण तिथल्या रजिस्टरात सकाळी १० ची एन्ट्री पडली, आम्हाला अर्धा दिवस सोडावा लागला. म्हणून मामांना म्हटलं गेटचा फोटो काढा बोर्डासकट, आणि गेटवाल्याकडून बिल्टीवर वेळ लिहून घ्या. त्यांनी घेतली. मी तीन वेगळ्या ओळी पाठवल्या: गेटवर रिपोर्ट पहाटे ४.१०, गेट उघडलं आणि एन्ट्री सकाळी ८, खाली करायला सुरुवात ११.३०.

दुपारी मामांचा मेसेज, "२.१५ झालं. एक गाठ वली म्हणते."

वली म्हणजे ओली. लगेच फोन केला. एकाच गाठीची एक कड वरून ओलसर होती, ताडपत्रीच्या दोरीखालून पाणी शिरलं होतं, बाकी ९९ कोरड्या. मामांनी ती गाठ बाजूला ठेवून दोन फोटो काढले होते. मी लिहिलं: "१०० गाठी खाली झाल्या, बुधवार दुपारी २.१५. १ गाठीची वरची कड ओली, फोटो सोबत. गोदामवाल्याने पोच पावतीवर '१ गाठ कड ओली' असा शेरा लिहून सही दिली. ई-वे बिलाची मुदत आज रात्री १२ पर्यंत आहे, वाढवायची गरज नाही. गाडी रिकामी, आदिलाबादकडून परतीचा लोड चालेल."

मामांना मी सांगितलं की वली गाठ मी लिहिली, लपवली नाही. ते म्हणाले, "लिही न बापा, पावतीवर तर हायेच." ताईंनी पावतीचा फोटो मागितला, मी पाठवला, आणि संध्याकाळी ६ ला त्यांनी आदिलाबादहून हिंगणघाटचा परतीचा लोड दिला.