पतंगाची पाठ दिव्याकडे: अंगणातल्या पडद्याची नोंद

गेल्या पावसाळ्यापासून मी रात्री अंगणात दिव्याशेजारी ताणलेल्या पडद्यावर येणारे पतंग मोजणं थांबवलं आणि त्यांचं उडणं बघायला लागलो. निमित्त झालं 2024 च्या जानेवारीत नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका शोधनिबंधाचं. सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोस्टारिकाच्या जंगलात वेगवान कॅमेरे लावून दिव्याभोवतीचे किडे टिपले होते. त्यांचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर पतंग दिव्याकडे धावत नाही, तो दिव्याकडे पाठ करतो.

हे आपल्याकडे दिसतं का, एवढंच बघायचं होतं.

पहिले दोन आठवडे वाया गेले. ओसरीवरचा एलईडी बल्ब आणि फोनचा 240 फ्रेमचा स्लो मोशन, दोन्ही एकत्र आले की चित्रात नुसते काळे-पांढरे पट्टे पळतात, कारण घरची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते आणि स्वस्त बल्ब तिच्या तालावर लुकलुकतो. शेवटी बॅटरीवरचा दिवा आणला. त्यातही मंद करायचं बटण असलेला घेऊ नका, मंद केला की बरेच दिवे पुन्हा लुकलुकतात.

मग एक चांगली क्लिप मिळाली. दिवा खांबाला, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा पतंग डावीकडून आला. सावकाश चालवून बघितलं तर दिव्याच्या शेजारी पोचल्यावर त्याचं तोंड दिव्याकडे वळलंच नाही. अंग मात्र कललं, पोट बाहेर आणि पाठ दिव्याकडे. घाटातल्या वळणावर आपण दुचाकी आत झुकवतो, अगदी तसं. पंख हवेला पोटाकडे ढकलतात, म्हणून पतंगाला मिळणारा जोर पाठीच्या दिशेने असतो. पाठ दिव्याकडे झाली की त्या जोराचा काही भाग त्याला दिव्याकडे खेचतो, सरळ रेषा वाकते, आणि पाठ तशीच राहिली तर फेरा पुरा होतो. मग पुढचा फेरा. सुटायचं म्हटलं तर पाठ फिरवावी लागेल, आणि तेच त्याला जमत नाही.

त्याची ही सवय मूर्खपणाची नाही. उडता उडता झपकन वळणाऱ्या किड्याला खाली कुठे आहे हे केवळ वजनावरून कळत नाही, वळणाचा झटका आणि पृथ्वीची ओढ त्याच्या अंगाला सारखीच जाणवते. वर उजेड, खाली अंधार हा हिशेब मात्र अमावास्येलाही खरा ठरतो, कारण आभाळ जमिनीपेक्षा उजळच असतं. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवायची. आपला बल्ब शेजारी पेटला की ‘वर’ हीच दिशा आडवी होते.

खरी गंमत दिवा जमिनीवर तोंड वर करून ठेवल्यावर आली. वरून जाणारा पतंग दिव्याच्या वर येताच उलटा होतो. पाठ खाली गेली की पंखांचा जोरही खालीच, आणि तो टपकन पडतो. एका रात्रीत सात क्लिपांत हे दिसलं. आठव्यात पतंग पडायच्या आधीच पालीने उचलला.

मग उलट बाजूने तपासलं. चार बांबूंवर जुन्या धोतराची दुहेरी घडी ताणली आणि दिवा तिच्या वर दोन फुटांवर टांगला. पहिल्यांदा एकेरीच कापड होतं, त्यातून बल्बचा ठिपका स्पष्ट दिसत होता आणि पतंग त्याच्याखालीच घोटाळत होते. दुहेरी केल्यावर छत एकसारखं उजळलं आणि खालून येणारे पतंग आरामात आरपार जायला लागले. उजेड भरपूर, तरी कोणी अडकलं नाही. मला सगळ्यात पटलं ते हे.

चंद्राला खूण धरून पतंग उडतो आणि दिव्याला चंद्र समजून चकतो, ही गोष्ट मीही शाळेतल्या मुलांना बरीच वर्षं सांगितली. पण मग त्याने दिवा एका ठरावीक कोनात धरून ठेवायला हवा. माझ्या क्लिपांत तसं दिसत नाही: तोच पतंग कधी डावीकडून फिरतो, कधी उजवीकडून, कायम राहते ती फक्त पाठ.

दोन गोष्टी राहतात. पाठीच्या या नियमातून दिव्याजवळ आलेला का अडकतो ते कळतं, लांबून मुळात का येतो ते नाही. दुसरं म्हणजे, त्याच अभ्यासात कण्हेरीवर वाढणारा हॉकमॉथ नावाचा हिरवा पतंग खालच्या उजेडावरूनही न उलटता उडाला होता. आमच्या तगरीवर त्याच्या दोन अळ्या सध्या आहेत. एक कालच झाड सोडून मातीत उतरली. कोष फुटला की त्याच जमिनीवरच्या दिव्यावरून त्याला सोडून बघणार आहे. तोवर ज्यांच्याकडे कण्हेर आहे त्यांनी पानांच्या खालची बाजू बघून ठेवा.