80 चं उत्तर आणि कोरी न राहिलेली अर्धी पानं

फर्स्ट इयर कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सेमिस्टरची लेखी टेस्ट, त्यातला शेवटचा प्रश्न माझा होता. हेक्साडेसिमलमधले तीन आकडे दिलेले, 2C, D8 आणि 80, आणि तिन्ही ८ बिट टूज कॉम्प्लिमेंटमध्ये आहेत असं स्पष्ट लिहून त्यांची डेसिमल किंमत काढायला सांगितली होती. कॅल्क्युलेटर अर्थात नाही.

हेक्समधून बायनरीत जाताना फारसं कोणी अडत नाही, एका अंकाचे चार बिट, D म्हणजे 1101, 8 म्हणजे 1000, झालं. गडबड त्याच्या पुढे. 2C ला बिट येतात 0010 1100, पहिला बिट शून्य, म्हणजे आकडा पॉझिटिव्ह, सरळ वाचायचा, ३२ + ८ + ४ म्हणजे ४४. पण काही पोरांच्या डोक्यात टूज कॉम्प्लिमेंट म्हटलं की उलटवा आणि एक मिळवा एवढंच बसलेलं असतं, त्यांनी 2C सुद्धा उलटवला आणि -२१२ असं उत्तर लिहून मोकळे झाले. ८ बिटात -१२८ च्या खाली काही जातच नाही, त्यामुळे असं उत्तर दिसलं की पायऱ्या न बघताही काय झालंय ते कळतं. D8 बहुतेकांचा बरोबर होता, -४०.

खरी मजा 80 ला. स्टाफरूममध्ये गठ्ठा घेऊन बसले आणि लवकरच माझ्या लक्षात आलं की इथे प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे वेगळा विचार आहे. 80 म्हणजे 1000 0000. पहिला बिट १, म्हणजे निगेटिव्ह. शिकवलेली पद्धत लावा, उलटवल्यावर 0111 1111, आता त्यात एक मिळवा, हातचा एकेक घर सरकत सरकत पार डावीकडे जातो आणि हातात येतं परत 1000 0000. ज्या आकड्यापासून सुरुवात केली तोच! एकाने इथे "उत्तर = 0" लिहिलं होतं, पहिला बिट फक्त चिन्हाचा धरला आणि उरलेले सात शून्य वाचले. कोणी -१२७ लिहिलं, म्हणजे उलटवलं पण एक मिळवायचं राहिलं. कोणी नुसतं १२८, मायनस गायब. आणि एका मुलीच्या पेपरात तीच क्रिया एकाखाली एक परत परत केलेली, प्रत्येक वेळी हातचे नीट मांडलेले, प्रत्येक वेळी 1000 0000, आणि शेवटी त्या सगळ्यावर मोठी काट मारून "प्रश्नात चूक आहे" असं लिहिलेलं. मला त्या पानाचं खूप वाईट वाटलं कारण तिची एकही पायरी चुकलेली नव्हती, पहिल्याच फेरीत उत्तर तिच्या समोर होतं, फक्त ते वाचायचं कसं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एक पेपर आला ज्यात उलटवाउलटवी काही नाहीच. मुलाने तिन्ही उत्तरं एकाच पद्धतीने काढलेली, सगळ्यात डाव्या बिटाची किंमत १२८ नाही तर -१२८ धरायची, बाकीच्यांची नेहमीसारखी ६४, ३२, १६, ८, ४, २, १, आणि जिथे १ आहे तेवढ्यांची बेरीज करायची. D8 साठी -१२८ + ६४ + १६ + ८ = -४०. 80 साठी -१२८ + ० = -१२८, एका ओळीत संपलं.

शेजारी आमचे सर दुसऱ्या डिव्हिजनचे पेपर तपासत होते. मार्किंग स्कीममध्ये उलटवण्याला एक मार्क आणि एक मिळवण्याला एक मार्क असं लिहिलेलं, त्यामुळे ते म्हणाले, "मॅडम, पायऱ्याच नाहीत, मार्क कसे देणार? कोणाचं बघून लिहिलं असेल तर?" मी त्यांना 2C चं उत्तर दाखवलं, तिथेही त्याने डाव्या बिटाखाली -१२८ गुणिले ० असं लिहिलं होतं. ज्याला गरज नाही तिथेही तो तीच मांडणी करतोय म्हणजे पद्धत समजून करतोय. शिवाय प्रश्नात किंमत काढा म्हटलंय, अमुक पद्धतीने काढा असं कुठेही म्हटलेलं नाही. सरांनी स्वतः कागदावर D8 आणि FF करून पाहिलं, FF ला -१२८ + १२७ = -१ आलं, आणि मग म्हणाले की ठीक आहे, दोन्ही डिव्हिजनला ही पद्धत चालेल असं स्कीममध्ये लिहूनच टाकू. ते लिहिलं हे फार बरं झालं.

पेपर दाखवायच्या दिवशी ती काट मारणारी मुलगी उभी राहिली, "मॅडम, पण मग +१२८ कुठे गेला? तोच आकडा परत कसा काय येतो?" हाच प्रश्न मला हवा होता. ८ बिटांच्या मांडण्या होतात २५६. डावीकडे १ असलेल्या १२८, त्या सगळ्या निगेटिव्ह, -१ पासून -१२८ पर्यंत. डावीकडे ० असलेल्या पण १२८, पण त्यातली एक जागा शून्याने घेतली, म्हणून पॉझिटिव्ह उरले १२७ च. -१२८ चं चिन्ह बदलायला गेलं तर +१२८ हवा आणि त्याला जागाच नाही, म्हणून हातचा फिरून तिथेच येतो. उलटवून एक मिळवल्यावर जे येतं ते साधी किंमत म्हणून वाचायचं, त्याचा डावा बिट परत चिन्ह समजायचा नाही. म्हणजे 1000 0000 इथे १२८, आधी ठरलेलं मायनस लावलं की -१२८. तिने तिथेच विचारलं की असे स्वतःवर परत येणारे आकडे किती. फळ्यावर करून पाहिलं तर दोनच, 00 आणि 80. शून्याचं बरोबर आहे, 80 चं मात्र ओव्हरफ्लो. शून्य सोडून दुसऱ्या कुठल्या आकड्याचं चिन्ह बदललं आणि डावा बिट बदललाच नाही, की समजायचं आपण त्या टोकावर आहोत.

दुपारी लॅब होती म्हणून जावामध्ये दाखवलं:

```java
byte b = (byte) 0x80;
b = (byte) (-b);
System.out.println(b);
System.out.println(Math.abs(Integer.MIN_VALUE));
```

पहिली ओळ छापते -128, दुसरी -2147483648. ॲब्सोल्यूट व्हॅल्यू निगेटिव्ह येतेय हे बघून मागच्या बाकावरचे पण पुढे आले, आणि ३२ बिटात तेच घडतंय, फक्त 80 च्या जागी 80000000 आहे, हे मला सांगावं लागलं नाही, त्यांनीच एकमेकांना सांगितलं.

पुढच्या टेस्टला मी १६ बिटात 0080 आणि FF80 शेजारी शेजारी देणार आहे. पहिला १२८, दुसरा -१२८, आणि 80 वाला भाग दोन्हीकडे सारखाच. मार्किंग स्कीममध्ये दोन्ही पद्धती आधीपासून लिहून ठेवल्यात.