तीन सेकंदांचा दगड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला सहल आठवली नाही की स्नेहसंमेलन. आठवला तो सायकल स्टँडच्या पत्र्यावर धाडकन पडलेला दगड, आणि त्या दगडापायी सहामाहीत गेलेला माझा अर्धा मार्क.

गतीची समीकरणं फळ्यावर लिहून झाली होती आणि निम्मा वर्ग पेंगत होता. विज्ञानाच्या सरांनी खडू ठेवला, खेळाच्या खोलीतून शंभर मीटरच्या शर्यतीचं स्टॉपवॉच मागवलं आणि आम्हाला मैदानात काढलं. वर्गातल्या वेगवान गोलंदाजाला दगड सरळ वर फेकायला सांगितला. पहिला दगड पत्र्यावर गेला. सरळ वर फेकणं दिसतं तितकं सोपं नाही. मग आम्हाला लांब उभं करून त्यांनी अट घातली, ‘जिथून हात सुटला तिथेच झेलायचा.’ जमिनीवर पडू दिला तर दगड दीड मीटर जास्त खाली येतो आणि हिशेब बदलतो. तीन झेल जमले. घड्याळात २.९, ३.१ आणि ३.० सेकंद.

‘आता पट्टी न लावता सांगा, किती उंच गेला?’

कोणी वीस मीटर म्हणालं, कोणी तीस. सरांनी एकही सूत्र काढलं नाही. जायला जितका वेळ तितकाच यायला, म्हणजे वर जायला दीड सेकंद. दर सेकंदाला वेग दहाने घटतो. दीड सेकंदात सगळा संपला, म्हणजे निघताना तो सेकंदाला १५ मीटर असणार. सुरुवातीला १५ आणि शेवटी शून्य, सरासरी साडेसात. साडेसात गुणिले दीड, म्हणजे ११.२५ मीटर, तेही हातापासून. तीसवाल्यांचे चेहरे उतरले. (मी वीसवाला होतो.)

पुढचा प्रश्न सहामाहीत जसाच्या तसा आला: दगड १० मीटर उंचीवर असताना त्याचा वेग किती? v² = u² − 2gh. २२५ वजा २००, उरले २५. मी ५ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि निवांत झालो. पेपर हातात आला तेव्हा शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, ‘जाताना की येताना?’ अर्धा मार्क कापला होता.

वर्गमूळ दोन असतात, +५ आणि −५, आणि दोन्ही खरी असतात. दगड १० मीटरवरून दोनदा जातो. एका सेकंदानंतर १५ − १० = ५, म्हणजे वर जाताना. दोन सेकंदांनंतर १५ − २० = −५, म्हणजे खाली येताना. वजा चिन्ह म्हणजे चूक नाही, ती दिशा आहे.

यात अजून एक गोष्ट दडलेली होती, ती मला पुष्कळ वर्षांनी दिसली. पहिला आणि दुसरा सेकंद यांच्या मधला अख्खा सेकंद दगड वरच्या सव्वा मीटरमध्येच असतो. एकूण उंचीचा नववा भाग, पण वेळेचा तिसरा! चेंडू वर जाऊन क्षणभर लोंबकळल्यासारखा वाटतो, तो यामुळे. तो थांबत मात्र नाही. अगदी टोकाला वेग शून्य होतो म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथलं त्वरणही शून्य लिहिलं होतं. ‘मग तो तिथेच का राहत नाही?’ एवढंच सरांनी विचारलं.

उंची १२ मीटर घालून पाहा. २२५ वजा २४० म्हणजे −१५. त्याचं वर्गमूळ काढायला जाऊ नका. दगड तिथवर पोचलाच नाही, असं गणित सांगतंय.

आता माझा मुलगा ९.८ घेऊन हेच उदाहरण सोडवतो. उंची ११.०३ मीटर येते, फरक नगण्य. पण १० मीटरवरचा वेग ५ ऐवजी जवळजवळ ४.५ येतो. टोकाजवळ दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होऊन थोडंसंच उरतं, त्यामुळे जरा चूक झाली तरी ती तिथे मोठी दिसते. घड्याळाचंही तसंच. बोट ०.२ सेकंद उशिरा दाबलं गेलं, तर ११.२५ मीटरचे १२.८ होतात, कारण उंची वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढते. सरांनी तीन झेल का घ्यायला लावले ते तेव्हा कळलं नव्हतं. हवेचा अडथळा आम्ही सोडून दिला होता. दगडाला तो चालतो, कागदाच्या बोळ्याला नाही.

मुलाने परवा उत्तर ±४.५ लिहिलं आणि पुढे कंसात ‘जाताना, येताना’. त्याला कोणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही.